बाद पीस कोणाच्या खात्यावर?

प्रश्न: रबाळे एमआयडीसीत आमचं चार सीएनसी मशीनचं छोटं युनिट आहे. मागच्या महिन्यात एका पंपवाल्या ग्राहकासाठी एसएस ३१६ च्या २०० स्लीव्ह केल्या, भाव पिसाला ९४० रुपये. २१८ पीस कापले, १८ बाद झाले आणि १२ पुन्हा हातात घेऊन दुरुस्त करावे लागले. भाऊ म्हणतो, सगळं नुकसान त्या जॉबवरच टाक. आमचे अकाउंटंट म्हणतात, रिजेक्शन हा कारखान्याचा खर्च, तो ओव्हरहेडला जाऊ दे. भंगाराचे पैसे आम्ही 'इतर उत्पन्न' म्हणून घेतो. दोघांच्याही हिशोबाने तोटाच दिसतो. पुन्हा ही ऑर्डर आली तर नाही म्हणावं का? जॉब कार्ड आणि तपासणीचे शेरे सोबत दिले आहेत.

उत्तर:

नाही म्हणू नका. निदान या आकड्यांवरून तरी नको. तुमचं कार्ड घेऊन मी हिशोब पुन्हा मांडला, तर पिसामागे ४३ रुपये ८० पैसे उरतात. भाऊ आणि अकाउंटंट ज्या गोष्टीवरून वाद घालताहेत ती महत्त्वाची आहेच, पण तुमचा नफा ज्याने झाकला ती गोष्ट वेगळीच आहे. ती मशीनच्या खालच्या ट्रेमध्ये पडली होती.

आधी तेच बघू. कार्डावर प्रत्येक पिसाला ६० मिलिमीटर जाडीच्या सळईचा ९० मिलिमीटरचा तुकडा दिला आहे. हा तुकडा भरतो दोन किलो. तयार स्लीव्ह भरते अर्धा किलो. म्हणजे तुम्ही घेतलेल्या स्टीलपैकी पाऊण भाग चिप्स होऊन खाली जातो. (पोकळ बार का घेतला नाही, असं विचारणार होतो, पण ग्राहकाने सळई आणि तिचं टेस्ट सर्टिफिकेटच मागितलेलं शेऱ्यात दिसलं.) तुमच्या कार्डावरचा पिसाचा खर्च असा आहे: स्टील ६०० रुपये, मजुरी १५०, आणि अर्ध्या तासाचं मशीन ५०० रुपये तासाच्या दराने २५०. एकूण १,००० रुपये. या हजारात ६०० रुपये पूर्ण दोन किलोचे धरलेत, पण त्यातले दीड किलो तुम्ही भंगारवाल्याला विकले.

आता हे दीड किलो कुणाचं? या ऑर्डरसाठी स्टील आणलं, या ऑर्डरवर ते कातलं, आणि ट्रेमध्ये दुसऱ्या कुठल्या जॉबच्या चिप्स नव्हत्या. मग त्या चिप्सचे पैसेही याच जॉबला परत मिळाले पाहिजेत. ते 'इतर उत्पन्न' या खात्यात गेले की वर्षाअखेरीस एकूण नफा बरोबर येतो, पण प्रत्येक जॉबची किंमत मात्र चुकते. जितकं महाग स्टील आणि जितकी जास्त कातणी, तितकी ती जास्त चुकते. तुमच्या विक्रीच्या चिठ्ठीवर चिप्सचा भाव किलोला १०० रुपये आहे, जीएसटी सोडून. तोच धरू. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा भाव वेगळा असेल, तर त्याने तो घालावा. २१८ पिसांच्या चिप्स झाल्या ३२७ किलो, म्हणजे ३२,७०० रुपये. पिसामागे १५०. म्हणजे पिसाचा खरा खर्च हजार नसून ८५० आहे.

इथे एक बारीक गोष्ट आहे. जीएसटी हे तुमचं उत्पन्न नाही, तो तुम्ही सरकारच्या वतीने घेतलेला पैसा आहे. भंगाराच्या बिलावरची अठरा टक्क्यांसकट रक्कम जॉबला जमा केलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. जॉबला फक्त मूळ किंमत जमा करायची.

आता वादाकडे येऊ. भावाचं म्हणणं आणि अकाउंटंटचं म्हणणं, दोन्ही अर्धी बरोबर आहेत, कारण १८ पीस एकाच कारणाने बाद झालेले नाहीत. प्रत्येक बाद पिसाला मी एकच प्रश्न विचारतो: हा पीस या जॉबवर बाद झाला, की या जॉबमुळे बाद झाला? दोन्ही वाक्यं सारखी वाटतात. तुमचा सगळा हिशोब त्यांच्यातल्या फरकावर उभा आहे.

तुमच्या तपासनिसाने शेरे नीट लिहिलेत, त्याला माझ्याकडून शाबासकी सांगा. त्यावरून १८ पिसांचे तीन गट पडतात.

दहा पीस बोअरची गोलाई चुकल्याने गेले. स्लीव्हची भिंत फक्त चार मिलिमीटरची आणि ग्राहकाने गोलाईला २० मायक्रॉनची मर्यादा दिलेली. एवढी पातळ कडी तीन जॉच्या चकमध्ये आवळली की ती तीन ठिकाणी दाबली जाते, त्याच अवस्थेत बोअर गोल कातला जातो, आणि जॉ सैल केल्यावर कडी मोकळी होऊन बोअर किंचित तिकोनी होतो. हे दहा पीस दोन्ही शिफ्टमध्ये, दोन वेगवेगळ्या मशीनवर, तिन्ही कारागिरांच्या हातून झालेत. कारागीर बदलला तरी दोष तोच आणि तो ड्रॉइंगवरच्या एकाच मापावर. याचा अर्थ दोष माणसाचा नाही, या कामाच्या स्वभावात आहे. ही ग्राहकाची मागणी नसती तर हे दहा पीस बाद झालेच नसते. हे जॉबमुळे झालेलं नुकसान.

तीन पीस किरकोळ कारणांनी गेले. एकावर हाताळताना ओरखडा, एक ट्रॉलीवरून पडला, एकाच्या वेळी इन्सर्ट तुटला. हे गेल्या महिन्यात तुमच्या माइल्ड स्टीलच्या बुशवरही झालं आहे, त्याआधी फ्लँजवरही. कारखाना चालला की एवढं होणारच. या ऑर्डरच्या वाट्याला ते योगायोगाने आलं.

उरलेले पाच. यांचे क्रमांक १३१ ते १३५, सलग. रात्रपाळीत इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट चुकीचा भरला गेला, पहिला पीस मोजला नाही आणि पाच पीस मोठ्या बोअरचे निघाले. क्रमांक सलग, शिफ्ट एक, मशीन एक, आणि दोष अचानक सुरू होऊन अचानक थांबलेला. ही चूक टाळता येण्यासारखी होती. त्या रात्री मशीनवर दुसऱ्या कुणाचं काम असतं तर त्याचे पाच पीस गेले असते.

भाऊ म्हणेल, पण गेले तर याच ऑर्डरचे ना? हो, या जॉबवर गेले. पण जॉबमुळे नाही.

आता गटाप्रमाणे पैसे कुठे जातात ते पाहू. बाद स्लीव्हचं अर्धा किलोचं भंगार किलोला १४० रुपयांनी, म्हणजे पिसाला ७० रुपये येतं. तुकडा चिप्सपेक्षा महाग जातो, कारण त्यात तेल आणि कूलंट नसतं.

पहिल्या गटातल्या दहा पिसांचा खर्च जॉबवरून काढायचाच नाही. तो जॉबवरच राहू द्यायचा आणि फक्त त्यांच्या भंगाराचे ७०० रुपये जॉबला जमा करायचे. म्हणजे या दहा पिसांचा निव्वळ भार, पिसाला ७८० प्रमाणे ७,८०० रुपये, चांगल्या २०० पिसांनी उचलला. वेगळी नोंद नाही, वेगळं खातं नाही. ज्याने ही मागणी केली त्याच्या मालाची ती किंमत आहे.

दुसऱ्या गटातल्या तीन पिसांचा पूर्ण खर्च, २,५५० रुपये, जॉबवरून काढायचा. त्यातले २१० रुपये भंगाराच्या साठ्यात आणि उरलेले २,३४० कारखान्याच्या ओव्हरहेड खात्यात नावे टाकायचे.

तिसऱ्या गटातल्या पाच पिसांचा खर्च, ४,२५० रुपये, हाही जॉबवरून काढायचा. ३५० रुपये भंगाराच्या साठ्यात आणि ३,९०० रुपये थेट नफा-तोटा खात्यात, 'असाधारण नुकसान' या नावाने. ओव्हरहेडमध्येही नाही. ओव्हरहेडमध्ये टाकले तर ते हळूच पुढच्या ग्राहकांच्या दरात शिरतात, आणि रात्रपाळीची चूक कुणाला दिसतच नाही.

बारा पिसांची दुरुस्तीही याच कसोटीवर घासायची. शेऱ्यात लिहिलंय की बोअरचा पृष्ठभाग ग्राहकाला हवा तितका गुळगुळीत नव्हता म्हणून हाताने लॅपिंग केलं, पिसाला १२० रुपये. ही मागणी या ड्रॉइंगचीच, म्हणून १,४४० रुपये जॉबवर. ओरखडा काढण्यासाठी केलेली दुरुस्ती असती तर ओव्हरहेडला गेली असती, आणि चुकीच्या ऑफसेटचे पीस वाचवायला केलेली असती तर नुकसान खात्यात.

बेरीज करू. २१८ पिसांचे ८५० प्रमाणे १,८५,३०० रुपये. त्यातून ७००, २,५५० आणि ४,२५० वजा केले की राहतात १,७७,८००. दुरुस्तीचे १,४४० मिळवले की १,७९,२४०. दोनशेने भागा: पिसाला ८९६ रुपये २० पैसे. भाव ९४०. ऑर्डरवर उरले ८,७६० रुपये.

आता तुमच्या घरचे दोन हिशोब याच्याशेजारी ठेवा. भावाच्या पद्धतीत पीस पडतो १,०९७ रुपये २० पैशांना, म्हणून त्याला पिसामागे १५७ रुपयांचा तोटा दिसतो. अकाउंटंटच्या पद्धतीत तो पडतो १,००० ला, तोटा ६०. दोघांनीही चिप्सचे पैसे जॉबला दिले नाहीत, म्हणून दोघांनाही तोटा दिसला. चिप्सचे आणि बाद पिसांच्या भंगाराचे पैसे दिल्यावर भावाची पद्धत सांगते ९२७ रुपये ४० पैसे, अकाउंटंटची सांगते ८५०. खरा आकडा मधे आहे.

तुम्हाला वाटेल, मग अकाउंटंटच्या पद्धतीत काय बिघडलं? नफा तर जास्तच दिसतो. बिघडतं ते दुसऱ्या ग्राहकाच्या दारात. तुमची चार मशीन महिन्याला साधारण १,२०० तास चालतात असं तुम्ही लिहिलंय. या स्लीव्हमुळे झालेलं ७,८०० चं नुकसान आणि १,४४० ची दुरुस्ती, मिळून ९,२४० रुपये, ओव्हरहेडमध्ये टाकले आणि अशी ऑर्डर दर महिन्याला आली, तर तासाचा दर ७ रुपये ७० पैशांनी चढेल. माइल्ड स्टीलच्या बुशच्या कोटेशनमध्ये तो भार जाईल. बुशच्या ग्राहकाला गोलाईचं काही पडलेलं नाही आणि त्याच्या कामात बाद पीस जवळजवळ नसतात. तो पलीकडच्या गाळ्यातल्या शॉपकडे जाईल, आणि तुमच्याकडे उरतील फक्त अवघड कामं देणारे ग्राहक, त्यांना तुम्ही स्वस्त दरात काम करून देताय. हे दोन-तीन वर्षांत घडतं, एका महिन्यात नाही, त्यामुळे लक्षात येत नाही.

भावाच्या पद्धतीतही एक खोड आहे, आणि ती मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्यात मी नोकरीच्या सुरुवातीला होतो, तिथे प्रत्येक बाद पीस, कारण काहीही असो, त्या जॉबवरच पडायचा आणि फोरमनला जॉबच्या नफ्यावरून बोलणी बसायची. सहा महिन्यांत फोरमन शहाणा झाला. ज्या जॉबमध्ये भरपूर नफा आहे त्याच्या कार्डावर तो दुसऱ्या जॉबचे बाद पीस लिहू लागला. आम्हाला कळलं ते स्टोअरमधून. कार्डावर पितळेचे पीस बाद लिहिलेले आणि भंगाराच्या ड्रममध्ये स्टील. म्हणून सांगतो, चुकीच्या जागी टाकलेलं नुकसान माणसांनाही चुकीची सवय लावतं.

आता ओव्हरहेडच्या दराबद्दल. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. तुमचा ५०० रुपये तासाचा दर कशावरून ठरला, ते कागद काढून पाहा. त्यात 'नेहमीचं रिजेक्शन' म्हणून वर्षाची काही रक्कम धरलेली आहे का? तुम्ही पाठवलेल्या बजेटमध्ये ती १,४४,००० दिसते. वर्षाच्या १४,४०० तासांनी भागली की तासाला दहा रुपये. म्हणजे या जॉबने १०९ तासांबरोबर नेहमीच्या रिजेक्शनचे १,०९० रुपये आधीच भरले आहेत. त्याउपर ते तीन पीसही जॉबवर ठेवले तर त्याच गोष्टीचे पैसे दोनदा लागतात. म्हणून दुसऱ्या गटाचा खर्च जॉबवरून काढणं ही मेहेरबानी नाही, त्या जॉबने नेहमीच्या रिजेक्शनचा हप्ता भरलेला आहे. तीन पिसांचे २,३४० आणि हप्ता १,०९०, हे जुळत नाही म्हणून घाबरू नका. एखाद्या जॉबला जास्त, एखाद्याला काहीच नाही. वर्षभरात जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर पुढच्या वर्षीचा दर बदला.

याची उलटी बाजूही आहे. काही शॉपमध्ये सगळी कामं ऑर्डरीची, प्रत्येक वेगळं, नेहमीचं असं काही नाही. ते दरात रिजेक्शन धरतच नाहीत आणि प्रत्येक जॉबला त्याचं त्याचं नुकसान लावतात. तेही चालतं. फक्त दोन्ही एकाच वेळी करू नका. आणि दरात ती रक्कम धरली असेल, तर ती ठरवताना जॉबमुळे झालेलं नुकसान त्यातून वगळलंय ना, हे बघा. तुमच्या १,४४,००० मध्ये गेल्या वर्षीच्या पातळ स्लीव्हचे बाद पीस बसलेले असतील, तर स्लीव्हचं नुकसान एकदा जॉबवर आणि एकदा दरात, असं पुन्हा दुहेरी होईल.

'या जॉबला साधारण नुकसान किती' हे टक्क्यांत लिहायचं तर चांगल्या पिसांवर लिहा, कापलेल्या पिसांवर नको. या जॉबमुळे गेले दहा, चांगले दोनशे, म्हणजे पाच टक्के. २१८ वर काढलं तर पाया म्हणून घेतलेल्या आकड्यात रात्रपाळीचे पाचही मोजले जातात, आणि चुका वाढल्या की साधारण नुकसानाची सवलतही आपोआप वाढते. हे उफराटं आहे.

अकाउंटंटना एक निरोप द्या. ही माझी लहर नाही. इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्सचं मालाच्या खर्चाबद्दलचं मानक, सीएएस-६, हेच सांगतं: साधारण भंगार आणि बाद मालाचा खर्च चांगल्या मालाच्या खर्चात घ्यायचा, आणि असाधारण नुकसान भंगाराची किंमत वजा करून खर्चाबाहेर ठेवायचं. साठ्याच्या मूल्यांकनाचं एएस २ सुद्धा असाधारण वाया गेलेला माल आणि मजुरी साठ्याच्या किमतीत धरू देत नाही. याचा प्रत्यक्ष फरक ३१ मार्चला पडतो. समजा या दोनशेपैकी शंभर स्लीव्ह त्या दिवशी गोदामात आहेत. भावाच्या पद्धतीने रात्रपाळीच्या चुकीचा अर्धा भाग त्या साठ्याच्या किमतीत लपून पुढच्या वर्षात जाईल. ऑडिटरने पकडला तर तो बरोबर आहे.

आता पुढच्या कोटेशनकडे. त्यात रात्रपाळीचे पाच पीस धरू नका, कारण ती चूक पुन्हा होईल असं ग्राहकाला विकण्यासारखं काही नाही. (दर महिन्याला होत असेल तर मात्र स्वतःशी खरं बोला. दर महिन्याला होणारी गोष्ट असाधारण नसते.) पण दहा पीस आणि दुरुस्ती उघडपणे धरा. दहा पिसांचे निव्वळ ७,८०० दोनशेवर वाटले की पिसाला ३९ रुपये, दुरुस्तीचे ७ रुपये २० पैसे. ८५० मध्ये ४६ रुपये २० पैसे मिळवा, आपला ८९६ रुपये २० पैशांचा आकडा परत येतो. ही ४६ रुपयांची ओळ कोटेशनच्या आतल्या कागदावर वेगळी लिहा. ग्राहकाने भाव पाडायला सांगितला तर तुमच्याकडे बोलायला काहीतरी असेल: गोलाई २० ऐवजी ४० मायक्रॉन चालेल का? चालत असेल तर या ओळीतला मोठा भाग तुम्ही सोडू शकता. ही ओळ ओव्हरहेडमध्ये बुडवली असती तर ही बोलणी करताच आली नसती.

आणखी एक वाट आहे. सॉफ्ट जॉ बोअर करून स्लीव्हला चहूबाजूंनी सारखं धरलं, तर कडी तीन ठिकाणी दबत नाही. अशा जॉचा संच समजा ६,००० ला पडला आणि बाद पीस दहावरून चारवर आले, तर एका ऑर्डरला सहा पिसांचे ७८० प्रमाणे ४,६८० वाचतात. दुसऱ्या ऑर्डरलाच पैसे वसूल. हा जॉचा खर्चही याच ग्राहकाच्या जॉबचा, सगळ्या शॉपचा नाही. आणि एकदा जॉ बसवल्यावर पुन्हा दहा पीस गेले, तर त्यातले चार साधारण आणि सहा असाधारण. साधारणची रेघ कामाची पद्धत सुधारली की खाली सरकते. मोजमापाबद्दल जाता जाता: तिकोनी बोअर दोन टोकांच्या बोअर गेजने मोजला तर तो बऱ्याचदा गोलच दिसतो. तीन टोकांचं गेज वापरता ना, हे तपासा, नाहीतर ग्राहकाकडून परत येणारे पीस वेगळे.

भंगाराकडे परत येतो, कारण पैसा तिथे आहे. या जॉबच्या चिप्सचे पैसे या जॉबला द्यायचे तर त्या वेगळ्या राहिल्या पाहिजेत. तुमच्याकडे ३०४ आणि ३१६ दोन्ही चालतं. दोन्ही चुंबकाला फारशी चिकटत नाहीत, त्यामुळे एकदा मिसळल्या की चुंबक लावून वेगळ्या होत नाहीत. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि निकेलही ३०४ पेक्षा जास्त, त्याचाच भाव असतो. मिसळलेल्या ढिगाला भंगारवाला ३०४ चा भाव देतो, कधी त्याहून कमी, आणि तो चुकतोय असंही म्हणता येत नाही. एक निळा ड्रम, त्यावर रंगाने ३१६ लिहिलेलं, आणि जॉब बदलताना ट्रे साफ करण्याची पंधरा मिनिटं. एवढंच लागतं.

जॉब संपला की ड्रमचं वजन करा आणि कागदाशी ताडून पाहा. २१८ तुकडे म्हणजे ४३६ किलो दिले. २०० चांगल्या स्लीव्ह १०० किलो, १८ बाद ९ किलो, राहायला हवेत ३२७. काट्यावर अगदी ३२७ येणार नाही. करवतीचा बारीक भुसा कूलंटबरोबर जातो, थोडं जमिनीवर झाडलं जातं, उलट ओल्या चिप्स तेलामुळे जास्तही भरतात. चार-सहा किलोचा फरक सोडून द्या. ते दिसत नाहीत, विकले जात नाहीत, त्यांची नोंद करायची नाही, ते आपोआप जॉबच्या खर्चातच राहतात. पण ३२७ च्या जागी २७० भरले तर ते कूलंटबरोबर गेलेले नाहीत. मग गेटवरचं रजिस्टर काढायचं.

भंगार महिन्याने विकलं जातं आणि जॉब आधीच बंद होतो, ही अडचण सगळ्यांना येते. जॉब बंद करताना शेवटच्या विक्रीचा भाव लावून, थोडा हात राखून, रक्कम जॉबला जमा करा आणि तेवढी भंगाराच्या साठ्याला नावे टाका. विकल्यावर दहा-वीस रुपयांचा फरक पडला तर तो ओव्हरहेडमध्ये जाऊ द्या, जुना जॉब पुन्हा उघडू नका. आणि हे सगळं फक्त महाग धातूंसाठी. माइल्ड स्टीलच्या बुशच्या चिप्स एका ढिगात टाका, त्यांचे पैसे ओव्हरहेडमधून वजा करा. तिथे जॉबवार वजन करायला जितका वेळ जाईल तितके पैसे मिळणार नाहीत.

एक प्रसंग तुमच्या कार्डावर नाही, पण ठाणे-बेलापूर पट्ट्यात रोज होतो. ग्राहक मधेच ड्रॉइंग बदलतो. तीस पीस तयार झाले आणि मेल आला की बोअर ५० ऐवजी ५१. ते तीस पीस बाद झाले किंवा पुन्हा कातावे लागले, तर ते ना शॉपचं साधारण नुकसान, ना तुमची चूक. तेवढे पीस वेगळे ठेवा, मेलची तारीख आणि त्या क्षणी किती पीस तयार होते हे कार्डावर लिहा, आणि खर्चाचं बिल ग्राहकाला पाठवा. मिळालेली रक्कम जॉबला जमा. नाही मिळाली तर नुकसान जॉबवरच राहू द्या, ओव्हरहेडमध्ये ढकलू नका. वर्षाअखेरीला त्या ग्राहकाचे सगळे जॉब एकत्र लावले की कळायला हवं, त्याच्या सवयी आपल्याला कितीला पडतात.

ग्राहकाने स्वतःचं स्टील देऊन फक्त कातणी करून घेतली तर गणित बदलतं. तेव्हा पिसात तुमची मजुरी आणि मशीन एवढंच, आणि चिप्सही बहुधा त्याच्या. पण पीस बाद झाला की तो स्टीलच्या किमतीची डेबिट नोट पाठवतो, आणि ती रक्कम तुमच्या पिसाच्या खर्चाच्या दीडपट असू शकते. म्हणून काम घेतानाच किती टक्के बाद पीस तो सोसणार, हे पीओवर लिहून घ्या. त्या टक्क्यांच्या वरची डेबिट नोट आली की तीसुद्धा वरच्याच तीन गटांत कारणाप्रमाणे टाका.

हे सगळं चालायचं तर कारण त्याच दिवशी, पिसाच्या क्रमांकासकट लिहिलं गेलं पाहिजे. महिनाअखेरीला आठवून लिहिलेल्या कारणांमध्ये 'मटेरियल हार्ड होतं' हे सगळ्यात जास्त निघतं. तुमचा तपासनीस आत्ता जसं लिहितो, तसंच लिहू द्या. फक्त शेऱ्यापुढे एक रकाना वाढवा आणि त्यात तीनच अक्षरं ठेवा: ज, क, चु. जॉबमुळे, कारखान्याचं, चूक. नक्की कळत नसेल तर रकाना कोरा ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनजवळ उभं राहून फोरमनबरोबर ठरवायचं. तुमच्या १८ पैकी तसा एकच होता, इन्सर्ट तुटलेला. मी तो 'क' मध्ये घातला, पण तोच इन्सर्ट ३१६ वर वारंवार तुटतोय असं दिसलं तर तो 'ज' मध्ये जाईल. पुढच्या ऑर्डरीला तेवढं बघून ठेवा.